जुन्या स्विफ्टच्या भावातून ऑटोमॅटिकची किंमत कशी काढायची: हेडॉनिक रिग्रेशन, एकेक पायरी

जुन्या गाड्यांच्या जाहिराती गोळा करून रिग्रेशन चालवणं आता कुणालाही जमतं. चुकतं ते त्याच्या आधी आणि नंतर. आधी चूक होते ती एकमेकांशी तुलनाच होऊ शकत नाही अशा गाड्या एका तक्त्यात टाकण्याची, आणि नंतरची चूक म्हणजे आलेला सहगुणक, म्हणजे रिग्रेशनने एकेका गुणाला दिलेला आकडा, थेट रुपयांत वाचणं. ‘ऑटोमॅटिकचा सहगुणक ०.०६२ आला, म्हणजे ऑटोमॅटिकमुळे बासष्ट हजार जास्त मिळतात’ असं लिहिलेले अहवाल मी बरेच वाचलेत. हा लेख त्यासाठीच आहे.

हेडॉनिक रिग्रेशनमागची कल्पना साधी आहे. गाडीचा भाव एक असला तरी गिऱ्हाईक त्यात अनेक गोष्टी विकत घेतं: उरलेलं आयुष्य, कमी चाललेलं इंजिन, गिअर बदलायच्या कटकटीतून सुटका, वरचं व्हेरियंट. यातल्या एकाही गोष्टीची वेगळी चिठ्ठी काचेवर लावलेली नसते. पुरेशा गाड्यांचे भाव आणि गुण शेजारी शेजारी मांडले की प्रत्येक गुणाला बाजार किती मोजतो ते वेगळं काढता येतं. त्याला गर्भित किंमत म्हणू.

उदाहरण म्हणून पुण्यातली जुनी पेट्रोल स्विफ्ट घेऊ आणि एकच प्रश्न धरू: ऑटोमॅटिकची, म्हणजे एएमटी गिअरबॉक्सची, गर्भित किंमत किती? पुढे आलेले सहगुणक आणि भाव रीत समजावी म्हणून मी घेतलेले आहेत, ते बाजारभाव म्हणून वापरू नका. गाडीबद्दलचे तपशील आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

## १. आधी बाजार आखून घ्या

गर्भित किंमत एका बाजारापुरती असते. पुण्याचे आणि दिल्लीचे आकडे एकत्र केले की जो सहगुणक येतो तो दोन्हीकडे चुकतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. त्यामुळे तिथे आठ वर्षांची डिझेल गाडी आणि पुण्यातली आठ वर्षांची डिझेल गाडी या बाजाराच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून आपण एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या पट्ट्यात विकायला लागलेल्या गाड्याच घेऊ. बाहेरच्या पासिंगची गाडी इथे विकायला आली असेल तर ती ठेवा, पण तशी खूण करा.

काळही आखावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. शोरूममधली नवी गाडी स्वस्त झाली की वर्ष-दोन वर्षं जुन्या गाडीचा भावही खाली ओढला जातो. ऑगस्टमधल्या आणि नोव्हेंबरमधल्या जाहिराती महिन्याची नोंद न करता मिसळल्या, तर करामुळे झालेली घट वयाच्या किंवा व्हेरियंटच्या खात्यावर लागते.

तपासा: प्रत्येक ओळीत जाहिरातीचा महिना आणि पासिंगचा कोड आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका, या गोष्टी नंतर मिळत नाहीत.

## २. तक्ता भरा

एका गाडीला एक ओळ. मागितलेली किंमत, नोंदणीचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, इंधन, गिअरबॉक्स, व्हेरियंट, कितवा मालक, पासिंग, विकणारा डीलर की स्वतः मालक, जाहिरातीचा महिना. या दहा रकान्यांत काम भागतं.

वय नोंदणीच्या तारखेपासून महिन्यांत मोजा आणि बाराने भागा. ‘२०२१ मॉडेल’ एवढ्यावर थांबलात तर जानेवारीतली आणि डिसेंबरमधली गाडी एकाच वयाची ठरते आणि वयाचा सहगुणक पातळ होतो.

जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, सौदा नव्हे. सगळेच साधारण सारख्या टक्क्यांनी उतरत असतील तर फार बिघडत नाही. किंमतीचा लॉग घेतल्यावर ती घट स्थिरांकात जाते आणि बाकीचे सहगुणक तसेच राहतात. पण घासाघीस गुणानुसार बदलत असेल, म्हणजे जुन्या किंवा तिसऱ्या मालकाच्या गाडीवर जास्त उतरत असतील, तर त्या गुणाची गर्भित किंमत तेवढी चुकते. ओळखीच्या डीलरकडून पंधरा-वीस झालेले सौदे मागून घ्या आणि मागणीशी ताडून पहा. माझ्या मते हा अर्धा दिवस रिग्रेशनच्या कुठल्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोलाचा आहे.

## ३. सफाई

पहिल्यांदा दुहेरी नोंदी. एकच गाडी मालक, एजंट आणि डीलर अशा तिघांच्या नावाने तीन किंमतींना लागलेली असते. किलोमीटर, नोंदणीचा महिना, रंग आणि व्हेरियंट जुळले की फोटो पहा. गाडी तीच असेल तर सगळ्यात अलीकडची एकच नोंद ठेवा.

मग किंमत. ‘४.२५’ म्हणजे लाखांत लिहिलेली आणि ‘४२५०००’ म्हणजे पूर्ण रुपयांत लिहिलेली, असे दोन्ही प्रकार एकाच रकान्यात सापडतात. काही डीलर डाउन पेमेंटचाच आकडा टाकतात. चार वर्षांची स्विफ्ट नव्वद हजारांत दिसली तर ती स्वस्त नसते, ती चुकीची नोंद असते.

किलोमीटरमध्ये ११,१११ किंवा ९९,९९९ असे आकडे काढून टाका. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या मात्र नजरेला पकडता येत नाहीत. सहा वर्षांच्या, दुसऱ्या मालकाच्या गाडीवर अठरा हजार किलोमीटर दिसले आणि सर्व्हिसच्या नोंदी नसल्या, तर संशयाची खूण करा. पुढे रिग्रेशन या गाड्यांसह आणि यांच्याशिवाय, असं दोनदा चालवा. किलोमीटरच्या चुकीच्या आकड्यांमुळे त्याचा सहगुणक शून्याकडे सरकतो आणि झिजेची किंमत खरी आहे त्याहून कमी दिसते.

इशारा: ‘भाव फार कमी वाटतो’ एवढ्याच कारणाने गाडी काढू नका. कारण सापडलं तरच काढा. नाहीतर तुम्हाला हवा तो निकाल तुम्हीच तयार कराल.

## ४. गाड्या एकमेकांना भेटतात का ते पहा

सगळ्यात जास्त अहवाल इथे कोसळतात आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, म्हणून ही पायरी सावकाश करा.

स्विफ्टची तिसरी पिढी फेब्रुवारी २०१८ मध्ये आली आणि स्विफ्टला एएमटी तेव्हाच मिळाली. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. कंपनी फिटेड सीएनजी स्विफ्ट आली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. चौथी पिढी मे २०२४ मध्ये आली. आता २०२५ च्या अखेरीस गोळा केलेला तक्ता डोळ्यांसमोर आणा. त्यातली प्रत्येक डिझेल स्विफ्ट जवळपास साडेपाच वर्षांची किंवा त्याहून जुनी आहे. कंपनी फिटेड सीएनजीची प्रत्येक गाडी साडेतीन वर्षांच्या आतली आहे. डिझेल आणि सीएनजी या तक्त्यात एकाच वयाला कधीच भेटत नाहीत.

तरीही सगळं एकत्र टाकलंत तर रिग्रेशन डिझेललाही सहगुणक देईल आणि सीएनजीलाही, आणि निकाल भरवशाचा असल्याची खूण म्हणून दोन्हींपुढे तारेही लावेल. पण दोघांमधला फरक गाड्यांच्या तुलनेतून आलेला नसेल. वयाची रेषा तुम्ही कोणत्या आकाराची गृहीत धरली, त्यातून तो आलेला असेल. वयाचा वर्ग, म्हणजे वय गुणिले वय, घातला की आकडा बदलेल, काढला की पुन्हा बदलेल. असा नाचणारा सहगुणक दिसला की समजा, गाड्या भेटत नाहीत.

उपाय म्हणजे प्रश्नाला साजेसा तुकडा कापून घेणं. एएमटीसाठी फक्त तिसऱ्या पिढीच्या पेट्रोल गाड्या घ्या. सीएनजी, डिझेल आणि चौथी पिढी बाजूला ठेवा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या आरसीवर पाहून ओळखा आणि त्याही वगळा. डिझेलची किंमत हवी असेल तर तो वेगळा प्रश्न. त्यासाठी २०१८ ते २०२० मध्ये नोंदलेल्या पेट्रोल आणि डिझेल गाड्याच समोरासमोर ठेवा.

व्हेरियंटच्या नावातही असाच सापळा आहे. पेट्रोलचं VXi आणि डिझेलचं VDi ही एकाच पातळीची व्हेरियंट. नावं जशीच्या तशी ठेवली तर इंधन आणि व्हेरियंट एकमेकांत मिसळतात. म्हणून L, V, Z आणि Z+ अशा पातळ्या करा. आणखी एक गोष्ट: LXi मध्ये एएमटी नव्हती. त्यामुळे या तक्त्यातून निघणारी एएमटीची किंमत V पासून वरच्या गाड्यांपुरती आहे. LXi वापरणाऱ्याला ती लागू करू नका.

तपासा: वयाचे दोन-दोन वर्षांचे गट करा आणि प्रत्येक गटात मॅन्युअल किती, एएमटी किती ते मोजा. एखाद्या चौकटीत दोन-तीनच गाड्या असतील तर तिथला निष्कर्ष त्या दोन-तीन मालकांचा असतो, बाजाराचा नसतो.

## ५. समीकरण लिहा

किंमतीचा लॉग घ्या. घसारा ठरावीक रुपयांनी होत नाही, साधारण टक्क्यांनी होतो. आठ लाखांची गाडी वर्षात जेवढे रुपये गमावते तेवढे तीन लाखांची गमावत नाही.

वयाबरोबर वयाचा वर्गही घ्या, कारण पहिल्या वर्षांतली घसरण नंतरच्या वर्षांपेक्षा तीव्र असते. किलोमीटर दहा हजारांच्या मापात मोजा, नाहीतर सहगुणक ०.०००००१८ असा दिसेल आणि वाचताना शून्य चुकतील. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्विफ्टचं इंजिन आणि पुढचा चेहरा बदलला, त्यासाठी एक खूण ठेवा.

प्रत्येक गटात एक आधार ठरवा. इथे आधार आहे V व्हेरियंट, मॅन्युअल, पहिला मालक, पुण्याचं पासिंग, मालकाने स्वतः विकायला काढलेली गाडी. पुढचा प्रत्येक सहगुणक या गाडीच्या तुलनेत वाचायचा आहे.

```python
import numpy as np, pandas as pd
import statsmodels.formula.api as smf

d = pd.read_csv("swift_petrol.csv")
d["km10"] = d["km"] / 10000
f = ("np.log(price) ~ age + I(age**2) + km10 + amt"
     " + C(trim, Treatment('V')) + owner2 + outside"
     " + dealer + facelift + C(month)")
m = smf.ols(f, data=d).fit(cov_type="HC1")
print(m.summary())
```

`HC1` यासाठी की महागड्या आणि जुन्या गाड्यांच्या भावांत विखुरण सारखी नसते. सहगुणक त्याने बदलत नाहीत, पण प्रमाण त्रुटी, म्हणजे सहगुणक किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, जास्त प्रामाणिक मिळते.

इशारा: समीकरणात काय घालू नये हेही महत्त्वाचं आहे. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, घालू नका. ती कंपनीच्या विक्री किंमतीतून वयानुसार ठरलेली घट वजा करूनच काढतात: एक ते दोन वर्षांना २० टक्के, चार ते पाच वर्षांना ५० टक्के. ती आत आली की वयाला आणि व्हेरियंटला सांगण्यासारखं काही उरत नाही. त्या व्हेरियंटची नवी किंमत घातली तर आणखी फसवं होतं. एएमटी गाडी नवी घेतानाच महाग होती, ते महागपण नव्या किंमतीत आधीच मोजलेलं असतं. मग एएमटीचा सहगुणक सांगतो तो एवढंच की तेवढ्याच महाग मॅन्युअल गाडीपेक्षा एएमटी भाव जास्त टिकवते की कमी. प्रश्न चांगला आहे, पण आपला नव्हे. समीकरण भावांतला किती फरक समजावतं ते सांगणारा आर-स्क्वेअर वाढला म्हणून बरेच जण खूश होतात आणि प्रश्न बदलल्याचं त्यांच्या लक्षात येत नाही.

## ६. सहगुणक वाचा

समजा, असे आकडे आले: वय -०.०९५, वयाचा वर्ग ०.००२, दहा हजार किलोमीटर -०.०१८, एएमटी ०.०६२, L -०.०८५, Z ०.०७०, दुसरा मालक -०.०४८.

एएमटी. लॉगमधला सहगुणक टक्क्यांत आणायचं सूत्र `exp(b) - 1`. ०.०६२ चे होतात ६.४ टक्के. आकडा लहान असताना सहगुणक आणि टक्के जवळजवळ सारखे दिसतात, मोठा झाला की फाकतात, म्हणून सवयीने सूत्र लावाच. हे टक्के रुपयांत आणायचे तर कोणती गाडी ते सांगावं लागतं. सहा लाखांच्या मॅन्युअल गाडीपाशी एएमटीची किंमत साधारण ३८,४०० रुपये, साडेचार लाखांच्या गाडीपाशी २८,८०० रुपये. एकच सहगुणक आहे, तरी रुपये वेगळे. गाडीचा भाव न सांगता दिलेली रुपयांतली गर्भित किंमत अर्धवट आहे.

मग अनिश्चितता. प्रमाण त्रुटी ०.०१४ असेल तर ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.०३५ ते ०.०८९ होते, म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर सुमारे २१ हजार ते ५६ हजार. अहवालात हीच पट्टी लिहा. नुसतं ‘३८,४००’ लिहिलंत तर वाचणारा शंभर रुपयांपर्यंत भरवसा ठेवेल आणि तसा भरवसा या तक्त्यात नाही.

व्हेरियंट. L आणि Z हे दोन्ही V च्या तुलनेत आहेत. Z आणि L मधला फरक हवा असेल तर आधी लॉगमध्ये वजाबाकी करा: ०.०७० मधून -०.०८५ गेले, उरले ०.१५५. मग सूत्र लावा, १६.८ टक्के. आधी टक्के काढून मग बेरीज केली तर १५.४ येतात, ते चूक आहे.

वय. वयाचा वर्ग असल्यामुळे -०.०९५ हा आकडा एकटा वाचायचाच नाही. तीन वर्षांची गाडी चार वर्षांची होताना होणारा बदल असा: -०.०९५ अधिक ०.००२ गुणिले (१६ वजा ९), म्हणजे -०.०८१. साधारण ७.८ टक्के घट.

पण हा आकडा सांगतो काय? किलोमीटर समीकरणात आहेत, म्हणून ही घट ‘एक वर्ष गेलं आणि गाडी एक किलोमीटरही चालली नाही’ अशा गाडीची आहे. आवारात उभी राहून म्हातारी झालेली गाडी. मालकाला विचारायचं असतं ते वेगळंच: मी अजून वर्षभर वापरली तर किती जातील? तो वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवत असेल तर -०.०८१ मध्ये -०.०१८ मिळवा, -०.०९९ होतात, म्हणजे ९.४ टक्के. सहा लाखांच्या गाडीवर पहिल्या उत्तरात सुमारे ४६,७०० रुपये जातात, दुसऱ्यात ५६,६००. ‘बाकी सगळं सारखं ठेवून’ हे शब्द पाठ असतात, पण सारखं ठेवलेलं ‘बाकी’ नेमकं काय ते विचारलं जात नाही. प्रत्येक सहगुणकापुढे ते लिहून काढा.

दुसरा मालक. -०.०४८ म्हणजे ४.७ टक्के घट, सहा लाखांच्या गाडीवर २८ हजार. आरसीवर एक नाव वाढल्याची ही किंमत आहे का? पूर्णपणे नाही. दोन हातांतून गेलेल्या गाड्यांत अपघात झालेल्या आणि वेळेवर सर्व्हिस न झालेल्या गाड्यांचं प्रमाण जास्त असू शकतं, आणि ते आपल्या तक्त्यात नाही. तो दोष ‘दुसरा मालक’ या रकान्याच्या नावावर जमा झालेला असतो. जमलं तर सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत की नाहीत असा रकाना वाढवा आणि पुन्हा चालवा. सहगुणक -०.०४८ वरून निम्म्यावर आला तर कळेल की बाजार नावापेक्षा निगेचे पैसे कापत होता. फारसा हलला नाही तर मालकी बदलण्यालाच बाजार किंमत लावतो, या म्हणण्याला बळ येईल.

इशारा: गर्भित किंमत म्हणजे ती वस्तू बनवायचा खर्च नव्हे, आणि प्रत्येक गिऱ्हाईक तेवढे द्यायला तयार आहे असंही नव्हे. कात्रज ते हिंजवडी रोज गाडी चालवणारा एएमटीसाठी ऐंशी हजारही मोजेल, दुसरा कुणी एक रुपया देणार नाही. बाजारात गाड्या आणि गिऱ्हाइकं जिथे जुळली, तिथे ठरलेली ही किंमत आहे. उद्या सगळ्यांनीच एएमटी घेतल्या तर भाव किती होईल, याचं उत्तर या सहगुणकात नाही.

## ७. निकाल हलवून पहा

तीन गोष्टी तरी करा. संशयित किलोमीटरच्या गाड्या काढून चालवा. डीलरच्या आणि मालकांच्या गाड्या वेगळ्या चालवा, कारण डीलर वॉरंटी आणि डागडुजी भावात धरतो. आणि एएमटीचा वयाशी गुणाकार (`amt:age`) घालून पहा. जुन्या एएमटीच्या दुरुस्तीची धास्ती बाजाराला असेल तर हा सहगुणक ऋण येईल, आणि मग ‘एएमटीची किंमत’ अशी एक राहणार नाही, ती वयागणिक सांगावी लागेल. या तिन्हींत एएमटीचा आकडा आधीच्या पट्टीच्या आत राहिला तरच तो अहवालात लिहा.

## ८. दोन गाड्यांवर वापरून पहा

समोर दोन गाड्या आहेत. पहिली: तीन वर्षांची V मॅन्युअल, चाळीस हजार किलोमीटर, पहिला मालक, मागणी सहा लाख. दुसरी: चार वर्षांची V एएमटी, पंचावन्न हजार किलोमीटर, दुसरा मालक. दोन्ही पुण्याच्या, दोन्ही मालकच विकतायत, दोन्ही २०२१ च्या बदलानंतरच्या, जाहिरातींचा महिनाही एकच.

लॉगमध्ये फरक मांडा. वयाचे -०.०८१, पंधरा हजार जादा किलोमीटरचे -०.०२७, एएमटीचे +०.०६२, दुसऱ्या मालकाचे -०.०४८. बेरीज -०.०९४. `exp(-0.094)` म्हणजे ०.९१०. सहा लाखांची मागणी वाजवी धरली तर दुसऱ्या गाडीची तिच्याशी जुळणारी मागणी ५ लाख ४६ हजारांच्या आसपास बसते. दुसऱ्या गाडीचा मालक पावणेसहा लाखांवर अडून असेल, तर जवळजवळ तीस हजारांचं कारण त्याने गाडीत दाखवायला हवं: नवे टायर, पूर्ण सर्व्हिस नोंदी, वाढवलेली वॉरंटी, असं काहीतरी जे तुमच्या तक्त्यात रकाना म्हणून नव्हतं.